पंपाच्या १५,७५० रुपयांच्या फरकाबाबत (सोसायटी ग्रुप, सांगली)

खजिनदार: सर्व सभासदांस नमस्कार. ३१ मार्च २०२५ अखेर खतावणीतील 'पंप व मोटर' खात्याची शिल्लक मालमत्ता नोंदवहीपेक्षा १५,७५० रुपयांनी जास्त निघाली असून त्याचे कारण सापडले आहे. एप्रिल २०१५ मध्ये ८०,००० रुपयांना घेतलेला पंप ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बुडाला आणि पुढच्याच महिन्यात ६,००० रुपयांना भंगारात गेला. नोंदवहीत तेव्हाच लाल शाईने काट मारली गेली, मात्र खतावणीत काहीच नोंद न झाल्याने नसलेल्या पंपावर आपण दरवर्षी १५ टक्के घसारा आकारत राहिलो.

ब-२०४: भंगाराचे ६,००० रुपये वजा करून ९,७५० रुपयेच तोटा दाखवावा, असे मला वाटते.

खजिनदार: काका, मलाही आधी तसेच वाटले होते, म्हणून मी २०१९-२० ची रोजकीर्द काढून पाहिली. ते ६,००० रुपये त्याच वर्षी 'इतर उत्पन्न' खात्यात जमा झालेले आहेत. आता पुन्हा वजा केले तर तीच रक्कम दोनदा धरली जाईल आणि पंप खात्यावर ६,००० रुपये तसेच लोंबकळत राहतील. पडताळा असा आहे की मार्च २०१९ अखेर पंपाची शिल्लक किंमत ४१,७६० रुपये होती, त्यानंतर २६,०१० रुपये घसारा चुकून आकारला गेला आणि उरलेले १५,७५० आता निर्लेखित करायचे आहेत. या दोन्ही रकमांची बेरीज ४१,७६० होते आणि त्यातून भंगाराचे ६,००० वजा केले की खरा तोटा ३५,७६० रुपये येतो, जो २०१९ मध्येच दाखवायला हवा होता.

अ-१०१: नोंद नेमकी कशी होईल?

खजिनदार: आपण घसारा थेट पंप खात्यातूनच वजा करत असल्यामुळे निर्लेखन तोटा खाते नावे आणि पंप खाते जमा, दोन्हीकडे १५,७५० रुपये, एवढेच पुरेल. मूळ किंमत व संचित घसारा यांची खाती वेगळी असती, तर मूळ किमतीचे ८०,००० आणि संचित घसाऱ्याचे ६४,२५० असे दोन्ही काढावे लागले असते. हा तोटा चालू वर्षाच्या दुरुस्तीखर्चात न मिसळता पूर्वीच्या वर्षाची बाब म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवावा, असे माझे ठाम मत आहे. २०१९-२० पासूनच्या मंजूर ताळेबंदांना हात लावायचा नाही.

मला अधिक चिंता वेगळीच आहे. जुना इंटरकॉम संच केव्हाच काढून टाकला आहे, तरी तो नोंदवहीतही आहे आणि खतावणीतही, त्यामुळे त्याचा फरक कागदावर कधीच दिसला नसता. गेटवरील केबिनमध्ये वस्तू शोधायला गेलो तेव्हाच तो कळला. म्हणून रविवारी सकाळी १० वाजता नोंदवहीतील प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष पाहून तिच्यावर क्रमांक टाकायचा आहे. दोन सभासदांनी सोबत यावे आणि जिची भंगारपावती सापडणार नाही, त्या वस्तूची यादी सर्वसाधारण सभेपुढे स्वतंत्र ठेवावी.

ब-२०४: हिशेब पटला, माझी सूचना मागे घेतो. रविवारी मी येतो; गच्चीवरच्या जुन्या सोलर पॅनेलपासून सुरुवात करू.