अनुभव धागा : घरात खरूज शिरली तर सगळ्यांचा उपचार एकदम कसा केलात? अंथरुणाचं काय केलात?

निपाणीकर_दादा
पोरगं हॉस्टेलवरून खाज घेऊन आलं, आता आम्ही सातजण घरात आणि चौघं रात्रभर खाजवायलोय. डॉक्टरांनी पर्मेथ्रिनची ट्यूब दिलीय, घरात सगळ्यांनी लावा म्हणाले. पण वडील म्हणतात मला काय झालेलं नाही, मी का लावू? ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी नीट सांगा की.

खानापूरची_सून
दादा, आमची पहिली चूक हीच ओ. ज्यांना खाज होती त्या तिघांनीच लावली, सासूबाई मोकळ्या राहिल्या. वीस दिवसांनी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि धाकट्याला परत सुरू, तो त्यांच्याच कुशीत झोपतो. डॉक्टर म्हणाले पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच महिना-दीड महिना जाऊ शकतो, तोवर माणूस दुसऱ्याला देत असतो.

दुसऱ्या खेपेला शनिवारी रात्री एकाच वेळी सगळ्यांनी लावलं. नखं कापली, अंग कोरडं केलं, मग मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, काखा, जांघा, नखांच्या खाली सुद्धा. नुसतं पुरळावर लावायचं नाही. मोठ्या माणसाला एक 30 ग्रॅमची ट्यूब लागतेच, आम्ही पहिल्यांदा दोन ट्यूबांत घर उरकलं होतं! रात्री 9 ला लावलं, सकाळी 7 ला आंघोळ. मध्ये पहाटे मी धार काढायला गेले, हात धुतले, तेव्हा हातांना परत लावलं, नाहीतर हातच राहून जातात.

शहापूरचा_बंड्या
मी तर घरातलं सगळं कढवलो, पडदे, पायपुसणी, सोफ्याचे कव्हर, भिंतीवर औषध पण मारलो. चार दिवस बायको बोलत नव्हती. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ पण करा, किडा पळतोय.

औषधदुकान_चिकोडी
बंड्या, कढवलास ते कपड्यांपुरतं बरोबर, बाकी मेहनत वाया. हा किडा माणसाच्या अंगावरून उतरला की दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही, भिंतीवर तर राहतच नाही. मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, टॉवेल, चादरी, अभ्रे एवढंच धरा. कडुलिंबानं खरूज जात नाही, ट्यूबच्या जागी ते धरू नका.

आणि ट्यूब सात दिवसांनी सगळ्यांनी परत लावायची, पहिल्या वेळी अंड्यांतली वाचलेली तेव्हा सापडतात. दुकानात लोक दुसरी खेप न्यायला येतच नाहीत, हे मी रोज बघतोय.

हिंडलग्याची_ताई
माझ्या मांडीवर गोल चट्टा आहे, मधे साफ आणि कडेला लाल, दोन महिने झाले. मी पण हीच ट्यूब लावू का?

औषधदुकान_चिकोडी
ताई, ते नायट्यासारखं वाटतंय, खरजेसारखं नाही. डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी दिलेली ती मिक्स क्रीम लावत असाल तर थांबा, त्यातल्या स्टेरॉईडनं खाज दबते आणि दुखणं आत वाढत राहतंय. खरजेतही तसंच होतं.

निपाणीकर_दादा
आमच्यात आठ महिन्यांची भाची पण आलीय. आणि बाहेर पाऊस, ऊन कुठलं? वाकळा वाळणार कधी?

खानापूरची_सून
आमच्याकडे तर जुलै होता, खानापूरचा पाऊस माहीतच आहे. चादरी-कपडे बंबातल्या कढत पाण्यात भिजवून धुतले, दमट असतानाच कडक इस्त्री फिरवली, शिवणीवर जास्त. वाकळा आणि घोंगडं मात्र धुतलं नाही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोरीनं घट्ट बांधलं आणि माळ्यावर टाकलं. तीन दिवस पुरे म्हणतात पण मी आठवडाभर उघडलं नाही, दुसऱ्या खेपेच्या सकाळीच उघडलं. तोवर जुन्या साड्या दुमडून पांघरल्या, शेजारी मागायची लाज वाटली ओ, कारण विचारलं असतं ना.

बाळाचं डॉक्टरांनाच विचारून करा. आमच्या बाळाला डोक्याला आणि तोंडाला पण लावायला सांगितलं होतं, डोळे-ओठ सोडून, आणि हातात मोजे घातले, नाहीतर बोटं चोखतंय.

निपाणीकर_दादा
लावून झाल्यावर खाज लगेच थांबली का?

खानापूरची_सून
कुठली लगेच! तीन आठवडे चालूच होती, मी घाबरून रोज लावायला निघाले होते, डॉक्टरांनी रागावलं. मेलेल्या किड्यांचीच खाज असते म्हणे, नवे पुरळ किंवा बारीक रेघा उठल्या तरच परत दाखवायचं. खाजेची गोळी रात्री दिली होती.

येळ्ळूर_पाटील
माझा प्रश्न वेगळा. गोव्याला कामाला असलेला भाऊ तीन आठवड्यांपूर्वी दोन रात्री आमच्यातच झोपून गेला. त्याला फोन केलो तर म्हणतो मला खाज नाही, आणि खोलीत चौघं राहतात, त्यांना सांगितलं तर बाहेर काढतील. काय करायचं?

औषधदुकान_चिकोडी
खाज नसली तरी त्यानं लावायलाच पाहिजे, दोन्ही खेपा. खोलीतल्या बाकीच्यांना पण लागतं, ते सांगणं अवघड आहे हे कबूल.

येळ्ळूर_पाटील
बसनं येणाऱ्याबरोबर दोन ट्यूबा पाठवलोय. लावतो का नाही बघू, गणपतीला येणार म्हणतोय.

निपाणीकर_दादा
वडील तयार झाले एकदाचे. शनिवारी लावतोय. पिशव्या मात्र लहान पडल्या, घोंगडं मावेना.