उत्तर: पगारातून उचल आणि छुपं व्याज

> "६०,००० उचल घेतली, सहा महिने १०,००० कापणार. व्याज नाही म्हणतात, पण आत कुठे लपलंय का?"

कपातीची बेरीज ६०,००० च होते, त्यामुळे कपातीत व्याज नाही. पण तुमच्या खात्यात नेमके किती जमा झाले ते आधी बघा. खरी मेख तिथेच असते.

समजा 'प्रक्रिया शुल्क' म्हणून १,८०० आधीच कापले आणि हातात ५८,२०० आले. तीन टक्के किरकोळ वाटतात. पण पूर्ण रक्कम सहा महिने तुमच्याकडे राहतच नाही. दर महिन्याला १०,००० परत जातात. पहिली कपात महिनाभराने सुरू झाली, तर सरासरी साडेतीन महिनेच पैसे वापरायला मिळतात. त्या हिशेबाने हे शुल्क वर्षाला सुमारे साडेदहा टक्के व्याजाइतकं पडतं. आणि हीच उचल तीन हप्त्यांत फेडायची असेल, तर तेच १,८०० आणखी महाग पडतात, कारण पैसे वापरायला कमी काळ मिळतो.

पगारपत्रकावर उचलीची कपात वेगळ्या ओळीत दिसायला हवी. ती 'इतर कपात' मध्ये मिसळली असेल तर लेखी तपशील मागाच. शेवटचा हप्ताही तपासा, जादा रक्कम तिथे चिकटवलेली असू शकते.