मदत हवी आहे: डोकं लावून केलेल्या चोरीचे सिनेमे सुचवा, शनिवारच्या आत

सुदामानगर_इंदूर
शनिवारी रात्री घरी सिनेमा लावायचा आहे. चोरीचा हवा, पण गोळीबार आणि गाड्यांची पळापळ नको. आधी योजना, मग माणसं जमवणं, प्रत्येकाचं काम वेगळं आणि शेवटी सगळे तुकडे नीट बसले पाहिजेत. टोळीतल्या माणसांचं आपसात जमतंय हेही दिसायला हवं. 'ओशन्स इलेव्हन' पाहिलाय, तो सांगू नका. याद्या वाचून वाचून कंटाळा आला. सगळीकडे तीच नावं आणि का बघायचा ते कुणी लिहीत नाही. लवकर सांगा.

भुट्ट्याचा_कीस
'मनी हाइस्ट'. डोळे झाकून लावा. प्रोफेसरसारखी योजना कुणाची नाही.

सुदामानगर_इंदूर
ती मालिका आहे. एका रात्रीत संपलं पाहिजे.

भुट्ट्याचा_कीस
पहिला सीझन तरी बघा. सुरू केलं की एका रात्रीतच संपतं भिया.

रामबागकर
बघणार कोण कोण? भाषा कोणती चालेल? जुना, काळा-पांढरा चालेल का? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

सुदामानगर_इंदूर
मी, बाबा आणि आत्या. बाबांना रोजचं शब्दकोडं पूर्ण झाल्याशिवाय चैन पडत नाही, सिनेमातला गुन्हेगार ते मध्यंतराआधीच सांगतात. म्हणून तर कोड्यासारखा हवाय. भाषा कुठलीही चालेल, पण बाबांना सबटायटल भरभर वाचता येत नाहीत. वाचत बसले की चित्र निसटतं आणि मग मला सारखं थांबवायला लावतात.

रामबागकर
मग उत्तर सोपं आहे. 'रिफीफी', 1955, फ्रेंच, दिग्दर्शक ज्यूल्स दासँ. यातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते आणि तेवढ्या वेळात एक शब्द नाही, पार्श्वसंगीतही नाही. त्या अर्ध्या तासात वाचायला काही नाहीच, बाबांना फक्त बघायचं आहे.

पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान, चौघे जण. दुकानाला असा अलार्म आहे की जरा हादरा बसला तरी वाजतो. म्हणून ते आधी तसलाच अलार्म आणून त्यावर प्रयोग करतात. काय केल्यावर वाजतो, काय केल्यावर गप्प बसतो, हे आपल्यासमोर शोधतात. उत्तर सापडतं आग विझवायच्या नळकांड्यातल्या फेसात.

चोरीच्या रात्री दुकानाच्या वरच्या घरात शिरून ते जमिनीला भोक पाडतात. आता खाली चुन्याचे तुकडे पडले तर अलार्म वाजणार. तेव्हा छोट्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडतात, ती खाली उघडते, आणि पुढचा सगळा मलबा त्या उलट्या छत्रीत जमतो. मग भोक मोठं करून माणूस खाली उतरतो. कुणी काही समजावून सांगत नाही, बाबांनाच ओळखावं लागेल की छत्री कशाला आणली.

टोळीचं म्हणाल तर माणसं कशी जमली आहेत हे त्या अर्ध्या तासातच कळतं. बोलायचं नाही, त्यामुळे सगळं नजरेवर आणि हातवाऱ्यांवर. तिजोरी फोडणारा इटालियन स्वतः दासँनेच केलाय, वेगळ्या नावाने.

सयाजीगंज_बडोदा
छतातून उतरायचं हे सगळं 'मिशन इम्पॉसिबल'वरून घेतलेलं आहे. तोच बघा ना, हिंदीतही मिळतो.

रामबागकर
उलट आहे. टॉम क्रूझचा पहिला 'मिशन इम्पॉसिबल' 1996 चा. दोरीवर लटकून, जमिनीला पाय न लावता चोरी करायची हे दासँनेच 1964 मध्ये 'तोपकापी'त केलं होतं, इस्तंबूलच्या संग्रहालयातला खंजीर. 'मिशन इम्पॉसिबल'ची मूळ टीव्ही मालिका त्यानंतरची, 1966 ची, आणि तिला प्रेरणा 'तोपकापी'चीच.

सयाजीगंज_बडोदा
बरं, साल तुमचं बरोबर. पण लटकायचा प्रसंग टॉम क्रूझचाच भारी, घामाचा थेंब हातमोज्यावर झेलतो तो. आणि तो प्रसंगही जवळजवळ मुकाच आहे, म्हणजे काकांना चालेल.

सराफ्यातला
आमचं वडिलोपार्जित दुकान आहे म्हणून सांगतो. छतापेक्षा मागची भिंत सांभाळा. शेजारचं दुकान बरेच दिवस बंद असेल तर रोज जाऊन बघायचं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दुकानात ठेवू नका, चोर पहिला डबा तोच उचलतात. तुमचं दुकान कुठल्या गल्लीत आहे?

सुदामानगर_इंदूर
दादा, दुकान नाही, सिनेमा बघायचा आहे. रामबागकर, 'रिफीफी' छान वाटतोय. पण योजना आधीच दाखवतात, मग चोरीत कोडं काय उरतं?

रामबागकर
चांगला प्रश्न. या सिनेमांत साधारण दोन रस्ते असतात. योजना आधी पूर्ण सांगितली तर प्रत्यक्षात काहीतरी बिघडतं, कारण सांगितलेलंच पुन्हा जसंच्या तसं कोण बघेल? योजना लपवली तर बहुतेक ती यशस्वी होते आणि शेवटी उलगडून दाखवतात. 'रिफीफी' या दोन्हींच्या मधोमध आहे. अलार्मवरचा उपाय आधी दिसतो, छत्री मात्र राखून ठेवलेली. चोरी पार पडते, पुढचं बिघडतं.

लपवणाऱ्या सिनेमांत कोडंप्रेमी माणसाने एकच बघायचं, दुवा आधी पडद्यावर होता की नाही. 'इलेव्हन' तुम्ही पाहिलाय म्हणून मोकळेपणाने लिहितो. तिजोरीची हुबेहूब नक्कल ते सरावासाठी म्हणून बांधतात आणि ते आपल्याला उघड दाखवतात. पुढे कॅसिनोच्या मालकाला कॅमेऱ्यात जी चोरी दिसते ती त्या नकलेतली असते. दुवा समोर होता, आपण विचारच केला नाही. 'ओशन्स ट्वेल्व्ह'मध्ये तसं नाही. जे मौल्यवान अंडं चोरायचं असतं, ते आधीच लांबवलेलं असतं आणि ते आपल्याला शेवटी नुसतं सांगतात. बाबा चिडतील.

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण
मला 'इलेव्हन'सुद्धा फसवणूकच वाटते. पैसे भरलेल्या म्हणून दिसणाऱ्या पिशव्यांत खरंतर जाहिरातीचे कागद होते, ते आधी कुठे दाखवलं? दुवा अर्धाच दिला. माझं मत 'इनसाइड मॅन'ला, 2006, स्पाइक ली. बँकेत शिरलेले लोक ओलिसांनाही आपल्यासारखेच कपडे आणि मुखवटे घालायला लावतात. मग बाहेर आलेल्यांत चोर कोण आणि ओलीस कोण हे पोलिसांना कळत नाही. आणि सिनेमा सुरू होताच चोर आपल्याला सांगतो की मी काय बोलतो ते नीट ऐका. शेवटी कळतं, तो अक्षरशः खरं बोलत होता. हा सगळ्यांत प्रामाणिक.

रामबागकर
सिनेमा उत्तमच ताई, पण त्यात संवाद फार. बाबांचं निम्मं लक्ष खालच्या ओळींत जाईल. शिवाय टोळीतली माणसं आपल्याला कळतच नाहीत, ती मुखवट्याआड राहतात. धाग्यात टोळीचं जमणं मागितलंय.

भुट्ट्याचा_कीस
'रिफीफी'त म्हणे तो इटालियन एका गायिकेला अंगठी देतो आणि त्यावरूनच सगळे

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण
अहो थांबा! अजून पाहायचाय त्यांना. संपादित करा लगेच.

सुदामानगर_इंदूर
वाचलं मी. बाबांना सांगणार नाही. पण आत्या म्हणते मला हिंदीच लावा.

रामबागकर
आत्यांसाठी 'स्पेशल 26', 2013. खोटे सीबीआय अधिकारी बनून छापे घालणारी टोळी. 1987 मध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसच्या सराफी पेढीवर असाच खोटा छापा पडला होता, मूळ त्यात आहे. बाबांना एवढंच सांगा, पहिल्या छाप्यात स्थानिक पोलिसांची मदत घेतात, तिथे नजर ठेवा. दुवा तिथेच ठेवलाय.

सयाजीगंज_बडोदा
त्यातली प्रेमकहाणी आणि गाणी पुढे ढकला, योजनेचा वेग तुटतो.

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण
मुळीच ढकलू नका. लग्न ठरल्यामुळेच 'ही शेवटची चोरी' असं तो म्हणतो, ते काढलं तर तो एवढी घाई का करतो ते कळणार नाही.

सुदामानगर_इंदूर
शनिवारी 'रिफीफी', रविवारी 'स्पेशल 26'. 'रिफीफी' सबटायटलसकट कुठे मिळेल ते कुणी सांगेल का? आणि मुलं बसली तर चालेल का? बहिणीची दोघं येणार आहेत, सातवी आणि दहावी.

रामबागकर
सातवीतल्याला नको. सुरुवातीला एका बाईला पट्ट्याने मारतात, शेवटाकडे खून आहेत. मुलं असतील तर शनिवारी 'तोपकापी' लावा, तो रंगीत आहे, हलकाफुलका आहे आणि संवाद इंग्रजी आहेत. 'रिफीफी' मुलं गेल्यावर.

सराफ्यातला
तिजोरीचा विमा आहे ना तुमचा?