‘लॉल’ दिसलं की गोळी फेका? कुणी सांगितलं हो तुम्हाला?

मच्छेकर (मूळ पोस्ट)
आईला पाच दिवस ऑक्सिजनवर बघून आलोय म्हणून सांगतो. दमा असलेल्यांनी घरातली बीपीची गोळी आत्ता उलटी करून बघा. नावाच्या शेवटी ‘लॉल’ असेल तर सरळ कचऱ्यात टाका, डॉक्टरला विचारत बसू नका. दम्याला लॉल म्हणजे विष. दहा ग्रुपवर पाठवा.

टिळकवाडीच्या बाई
पाठवलेलं दिसतंय, सकाळपासून माझ्याकडं तीन ठिकाणांहून आलं. निवृत्त झाले तरी फिजिशियन आहे, त्यामुळं गप्प बसवत नाही.

तुमच्या आईचं वाईट झालं, ते खरंच. पण ‘विचारत बसू नका’ या तीन शब्दांनी माणूस जातो. अनगोळचे एक गृहस्थ माझ्याकडं यायचे. जन्मभर विडी, फुफ्फुसं निकामी होत आलेली, वर मिरजेत स्टेंट घातलेला. मेटोप्रोलॉल चालू होतं. बायकोनं असलाच एक फॉरवर्ड वाचला आणि ‘दम्याला वाईट’ म्हणून गोळी बंद केली. चार दिवस मस्त. पाचव्या पहाटे छातीत कळ आली आणि परत मिरज. ही गोळी हृदयावरची दारं झाकून ठेवते, तशी हृदय नवी दारं उघडत राहतं. झाकण एकदम काढलं की अंगातलं सगळं ॲड्रेनलिन त्या वाढलेल्या दारांतून एकाच वेळी आत घुसतं. म्हणून हृदयाच्या रोग्याची ही गोळी थांबवायचीच असेल तर एक-दोन आठवडे उतरवत आणतात.

दुसरं, आपल्याकडं ज्याला धाप लागते त्याला ‘दमा’ म्हणतात. घोळ तिथंच आहे. लहानपणापासून शिंका, घरघर, पावसाळ्यात जोर आणि मधे ठणठणीत, हा दमा. विडी नाहीतर चुलीच्या धुरानं फुफ्फुस झिजलेलं आणि धाप वर्षागणिक वाढत जाणारी, तो सीओपीडी. पहिल्यात बीपीसाठी म्हणून लॉल द्यायचं कारणच नाही, दुसऱ्या चांगल्या गोळ्या आहेत. दुसऱ्यात हार्ट अटॅक झालेला असेल, हृदय कमजोर असेल, तर बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल मुद्दाम देतात आणि बहुतेकांना सोसतात. प्रोप्रॅनोलॉल आणि कार्व्हेडिलॉल मात्र दम्यात नकोच. ते फुफ्फुसालाही सोडत नाहीत.

मच्छेकर
बाई, तुम्ही पुस्तक सांगताय, मी घरचं सांगतो. आई ६४ वर्षांची. दमा लहानपणापासून. अम्लोडिपिन ५ वर सहा वर्षं बीपी व्यवस्थित. गेल्या महिन्यात आमच्या नेहमीच्या दुकानात ती स्ट्रिप नव्हती. पोरगा म्हणाला, ‘तेच नाव आहे काका, फक्त पुढं एटी आहे.’ मी घेऊन आलो. तिसऱ्या रात्री घरघर सुरू. पंप दोनदा, चारदा, दहादा मारला. एरवी दोन झटक्यांत सुटणारी आई भिंतीला टेकून बसली होती. बोटाला मशीन लावलं, ऑक्सिजन ९०, नाडी ४८. मी मशीन झटकलं, म्हटलं बिघडलंय. आणि तुम्ही म्हणता फेकू नका!

गोळीवाला अण्णा
२२ वर्षं काउंटरवर आहे. एटी म्हणजे अम्लोडिपिन ५ आणि सोबत एटेनोलॉल ५०, हे शेंबडं पोरगं पण सांगेल. त्या दुकानदाराची चूक, मान्य. खरं एका दुकानापायी सगळ्या दुकानदारांना का धोपटता? डॉक्टर चिठ्ठीवर असलं लिहितात की ते ‘ए’ आहे की ‘एटी’, हे शोधायला जोतिषी बसवावा लागेल. आणि अम्लोडिपिन तरी कुठलं मोठं साधं? ते कॅल्शियमवालं, डिल्टियाझेम पण कॅल्शियमवालं, दोन्ही नाडी पाडतात.

टिळकवाडीच्या बाई
अण्णा, एटीचं बरोबर सांगितलंत, पुढं घसरलात. घराणं एक, स्वभाव वेगळे. अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, नाडीला हात लावत नाही. पायाला सूज आणेल, तेवढंच. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हृदयाची चाल खरोखर मंदावतात. त्यांच्यासोबत लॉल दिलं तर नाडी चाळिशीच्या खाली गेलेली मी स्वतः पाहिली आहे. दम्याला मात्र ही दोन्ही त्रास देत नाहीत. म्हणजे फुफ्फुसाचा हिशेब वेगळा, नाडीचा वेगळा.

मच्छेकर, तुमचं मशीन बिघडलं नव्हतं. त्या रात्रीची खूण त्याच आकड्यात होती. दम लागलेल्या माणसाची नाडी पळते. वर दहा वेळा पंप मारला तर ११०-१२० व्हायला हवी. ती ४८ असेल, तर हा नुसता दमा नाही, कुणीतरी दोरी ओढून धरलीय. पंप ज्या दारातून आत जातो त्याच दारावर गोळी बसलेली. एटेनोलॉल मुख्यतः हृदयाचं म्हणतात, पण ५० चा डोस आणि अस्सल दमा म्हटल्यावर ती मर्यादा राहत नाही. त्यांचं क्रिएटिनिन किती होतं?

मच्छेकर
१.६ लिहिलंय डिस्चार्जवर. त्याचा काय संबंध?

टिळकवाडीच्या बाई
तोच तर संबंध. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंड थकलेलं, आणि एटेनोलॉल मूत्रपिंडातूनच बाहेर जातं. तिथं वाट अडली की औषध अंगात साठतं.

मच्छेकर
म्हणूनच नाडी ६६ वर यायला तीन दिवस लागले असतील. तिथं त्यांनी दुसरं औषध वाफेत घातलं, इप्रा काहीतरी, त्यानं छाती सुटायला लागली. एटी त्याच दिवशी बंद केली. एकदम, बरं का! आता टेल्मिसार्टन ४० आहे. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलंय.

टिळकवाडीच्या बाई
इप्राट्रोपियम. ते वेगळ्या दारातून जातं, म्हणून चाललं. एकदम बंद करता आली, कारण तीनच दिवस पोटात गेली होती, हृदयाचा आजार नव्हता आणि त्या मॉनिटरखाली होत्या. तुमच्या पोस्टमध्ये यातलं काहीच नाही.

सीमावासी
मूळ दुखणं कुणीच बोलेना. स्ट्रिपवर इंग्रजी, दवाखान्याच्या बोर्डावर कन्नड, आणि त्या माउलीची शाळा मराठी चौथीपर्यंत. ती वाचणार काय? १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात घातलं, तेव्हापासून हेच चाललंय.

चिक्कोडीचा दादा
झालं, आणलं ५६! सत्तर वर्षं इथं राहता, चार अक्षरं कन्नड शिकायला काय झालं? आणि एटेनोलॉल कन्नडमध्ये लिहिलं असतं तर ती वाचणार होती होय?

सीमावासी
मराठीत लिहिलं असतं तर वाचलं असतं. माझ्या वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘बंद करा’ लिहिलेलं होतं कन्नडमध्ये. आम्ही ते ‘चालू’ समजून महिनाभर गोळी दिली. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, उगाच वाद.

चिक्कोडीचा दादा
मग विचारायचं होतं की सिस्टरला! तोंडाला काय झालं होतं?

सीमावासी
विचारलं की. कन्नडमध्ये खेकसली. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना दिली तेव्हा केवढा दंगा केलात? स्वतः द्यायचं नाही, दुसऱ्यानं दिलं तर पोटात दुखतं.

चिक्कोडीचा दादा
मतं मागायची योजना ती. जा की मग कोल्हापूरला, धरलंय कुणी?

गोळीवाला अण्णा
अरे मर्दांनो, धागा बीपीचा आहे. दुकानात पण असंच करता, मागं रांग लागलेली असते.

तालमीतला
माझी नाडी आधीपासून ५० आहे. तीस वर्षं कुस्ती, आता वय ५५. बीपी १५०/९६ निघालं. मला दमाबिमा काही नाही. म्हणजे मला एटी चालणार, बरोबर?

टिळकवाडीच्या बाई
नाही, पैलवान. तुम्ही अर्धीच गोष्ट वाचलीत. फुफ्फुसं उत्तम, पण नाडी आधीच ५०. कसलेल्या शरीराची नाडी मंद असू शकते, त्यात आजार नाही. चक्कर येत नाही ना? डोळ्यापुढं अंधारी? तरीही आधी एक ईसीजी काढा, कारण कधी कधी ‘मेहनतीची नाडी’ म्हणतो तिच्या आत हृदयाच्या विजेच्या वाटेवरचा ब्लॉक निघतो. तोवर लॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, क्लोनिडिन, यांतलं काही सुरू करू देऊ नका. अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, यांतून तुमचे डॉक्टर निवडतील.

तालमीतला
चक्कर नाही. परवा देवळाच्या पायऱ्या चढताना एकदा आली, ती उपवासाची.

टिळकवाडीच्या बाई
उपवासाची होती हे ईसीजीला ठरवू द्या. या आठवड्यातच काढा.

निपाणीची वैनी
माझं उलटं झालं. लॉल नाहीच माझ्या गोळीत, रामिप्रिल आहे. तीन महिने कोरडा खोकला, रात्रभर. तंबाखूच्या वखारीत काम, त्यामुळं सगळे म्हणाले जर्दा लागला, दमा झाला. पंप आणला, दोन सिरपच्या बाटल्या संपवल्या. घरघर कधीच नव्हती, नुसतं घशात खवखव. शेवटी एका डॉक्टरांनी गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. मग सांगा मच्छेकर, तुमच्या कचऱ्याच्या यादीत ‘प्रिल’ का नाही?

मच्छेकर
घालतो की. अजून कुणाची काय तक्रार असेल तर सांगा, सगळं एकदम टाकू.

टिळकवाडीच्या बाई
नका घालू. प्रिलच्या खोकल्यानं श्वासनळ्या आवळत नाहीत, घसा खवखवतो. म्हणून दम्याला ती बंदी नाही. पण दम्याच्या माणसाला हा खोकला लागला की दमा वाढला की गोळी लागली, हे कळेनासं होतं. त्यामुळं मी स्वतः सार्टनपासूनच सुरू करायची. माझे काही सोबती याला अतिरेक म्हणायचे, आणि ते अगदीच चुकीचे होते असं नाही.

गोळीवाला अण्णा
आज आमच्या दुकानात पाटी लावली: ‘एटी मागाल तर दमा आहे का सांगा.’ मराठी आणि कन्नड दोन्हीत. सीमावासी आणि दादा, दोघंही येऊन शुद्धलेखन तपासून जा.

मच्छेकर
ठीक आहे बाई. ‘कचऱ्यात टाका’ काढलं, ‘डॉक्टरला दाखवा’ लिहिलं. आता खूश? दहा ग्रुपवरचं मात्र परत येत नाही.

एक राहिलंच. तुमच्यामुळं घरातली सगळी औषधं काढून बसलो. आईच्या काचबिंदूच्या थेंबांच्या बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय. डोळ्यातलं आहे, ते पोटात थोडंच जातं? पण मागच्या वर्षी थेंब सुरू झाल्यापासूनच रात्रीचा पंप वाढला होता. आम्ही ते गुऱ्हाळाच्या धुरावर ढकललं.

टिळकवाडीच्या बाई
पोटात जात नाही, तेच वाईट. डोळ्यातून नाकात उतरतं आणि यकृताला न भेटता थेट रक्तात मिसळतं. दम्याच्या माणसाला एवढा थेंबही पुरतो. आजचा रात्रीचा थेंब घालण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावा, अस्सल दमा आहे आणि नुकतीच ॲडमिट होती, हे पहिल्या वाक्यात सांगा. दुसरे थेंब मिळतात, लॅटॅनोप्रोस्ट वगैरे. पण बदली थेंब ठरल्याशिवाय विषय सोडून देऊ नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

मच्छेकर
लावला. रविवार आहे, कंपाउंडर म्हणतोय उद्या दहाला या.

टिळकवाडीच्या बाई
त्याला म्हणावं, डॉक्टरांना एवढा एकच प्रश्न विचार आणि मला उलटा फोन कर. तो कन्नड बोलतो का?

चिक्कोडीचा दादा
नंबर मला इनबॉक्स करा. मी बोलतो.