रजिस्टरमधले ४ अंश

“मीटिंगमध्ये ‘काही अडचण?’ विचारलं की सगळे गप्प. जुन्यांचं समजू शकतो, पण नव्या लोकांना कसली भीती?”

स्वतः शिक्षा भोगावी लागत नाही हो, दुसऱ्याची ऐकली तरी पुरते. आमच्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातलं सांगते. लसीच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांत लागतं आणि ते सकाळ-संध्याकाळ रजिस्टरवर चढवायचं. मे महिन्यात रात्रभर लाइन गेली, सकाळी काटा ११ वर. सिस्टरने खरं तेच लिहिलं, साहेबांना फोनही केला. हाती काय आलं? कारणे दाखवा नोटीस. त्यानंतर रजिस्टरमध्ये रोज ४, ४, ४. विदर्भाच्या उन्हाळ्यात, लाइन गेल्या दिवशीसुद्धा ४! नोटिशीनंतर रुजू झालेल्याही तेच लिहायच्या. आकडा महिनोन्‌महिने हलत नसेल तर तो थर्मामीटरचा नाही, एवढं समजून घ्यावं.

पुढे आलेल्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये काही विचारलंच नाही. रजिस्टरमध्ये ‘लाइन किती वेळ नव्हती’ असा रकाना तेवढा पाडला. बरेच दिवस तो कोराच. मग एकीने तापमान ९ लिहिलं. ड्युटी कोणाची होती हे न विचारता त्यांनी कुप्यांवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारी खूण, पाहिला. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका होता, म्हणजे उष्णतेने लस वाया गेली नव्हती. विजेची तक्रार स्वतःच्या सहीने वर पाठवली. त्यानंतर बाकीच्यांचे आकडे हलायला लागले. नोटीस मिळालेली सिस्टर मात्र बदली होईपर्यंत ४ च लिहीत होती.