मदत हवी आहे: बेस प्लेटखाली ग्राउटच्या बॅगा किती धरायच्या?

अंधेरीच्या साइटवर कॉलमची बेस प्लेट 600 बाय 600, खाली गॅप 50 मिमी, म्हणून मी 0.6 × 0.6 × 0.05 म्हणजे 18 लिटर धरून दोनच बॅगा आणल्या (एका बॅगेत 12.5 लिटर निघतं) आणि माल मधेच संपला, आता आत जोड राहणार याची फार काळजी वाटतेय. शटरिंग चारही बाजूंनी 50 मिमी बाहेर होतं ते मी धरलंच नव्हतं, 700 बाय 700 ने 24.5 लिटर होतात, वर बोल्टचे चार पॉकेट 100 बाय 100, खोली 300, त्यांचे अजून 12. एकूण 36.5, म्हणजे तीन बॅगा जेमतेम. पण चिपिंगमुळे गॅप कुठे 50 तर कुठे 60 भरतोय, सरासरी 55 धरली तर 39 लिटर, मग चौथी बॅग लागणारच ना? तुम्ही गॅप किती ठिकाणी मोजता, आणि वेस्टेज 10 टक्के पुरतं का? उद्या दुसरी प्लेट भरायचीय.