उत्तर: विजेचा राइस कुकर लवकर ‘वॉर्म’वर जाणे

> भात कच्चा असतानाच कुकर ‘वॉर्म’वर जातो, कधी उलट तळ करपतो. सेन्सर बदलू का?

आधी भांड्याची बैठक तपासा. साध्या कुकरमध्ये भांड्याखालच्या तापणाऱ्या तव्याच्या मधोमध स्प्रिंगवरची चकती असते, तोच सेन्सर. पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या आसपास राहतो. ते आटून तापमान थोडं चढलं की चकतीतलं चुंबक सुटतं. तव्यावर शीत चिकटलं तर भांडं तिरकं बसतं, तवा जास्त तापतो आणि चकती वेळेआधी सुटते. शीत चकतीवरच करपलं असेल, तर उष्णता उशिरा पोचते नि तळ लागतो.

प्लग काढून, थंड झाल्यावर चकती दाबा. ती सहज वर यायला हवी. तवा ओल्या फडक्याने पुसा, भांड्याच्या तळाला पट्टी लावून पोचा बघा. मग नुसतं पाणी उकळा. उकळण्याआधीच बटण ‘वॉर्म’वर गेलं, तरच सेन्सर बदला.